पहिल्या दिवसाची कथा: नव्या शिक्षकांसाठी एक चर्चापाठ

अध्यापक विद्यालयांत वर्गातल्या अडचणींचा अभ्यास करण्यासाठी छोट्या कथेचा वापर करता येतो. अशा कथेत एखाद्या शिक्षकाचा एखादा प्रसंग वर्णन केलेला असतो, तो अर्धवट ठिकाणी थांबवलेला असतो, आणि पुढे काय करावे हे छात्राध्यापकांनी चर्चेतून ठरवायचे असते. कथा बोधपर नसते. शिक्षक चुकला की बरोबर होता हे ती सांगत नाही. घडलेल्या गोष्टी वेळेच्या क्रमाने मांडून ती बाजूला होते.

नोकरीचा पहिला दिवस हा अशा कथेसाठी विशेष योग्य विषय आहे. त्याचे कारण प्रशिक्षणाच्या रचनेत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार दोन वर्षांच्या डी.एल.एड. अभ्यासक्रमात सुमारे 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. मात्र छात्राध्यापक ज्या वर्गात पाठ घेतात, तो वर्ग दुसऱ्या कोणीतरी आधीच बसवलेला असतो. मुलांनी कुठे बसायचे, पाटी कधी काढायची, पाणी प्यायला कधी जायचे या सवयी त्या वर्गशिक्षकाने लावलेल्या असतात आणि तो स्वतः बहुधा मागे उभा असतो. बसवलेला वर्ग चालवणे आणि वर्ग मुळातून बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम नवा शिक्षक प्रथमच करतो तो नोकरीच्या पहिल्या दिवशी, आणि तेही एकट्याने.

पुढील कथा चर्चेसाठी रचलेली आहे. तिच्यातली शाळा आणि माणसे काल्पनिक आहेत. परिस्थिती मात्र मराठवाड्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांची आहे.

कथा

बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची पहिली ते चौथीची शाळा. पटावर 46 मुले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, तसे इथेही दोनच. पहिली आणि दुसरी मुख्याध्यापकांकडे. तिसरीची 11 आणि चौथीची 13 मुले नव्या शिक्षिकेकडे. ती शिक्षणसेवक म्हणून जूनच्या शेवटी रुजू झाली. तोवर शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि तिसरी-चौथीची मुले बहुतेक वेळ व्हरांड्यात बसून फळ्यावरचे उतरवून घेत होती.

साडेदहाला परिपाठ झाला. मुख्याध्यापकांनी मुलांना नव्या मॅडमची ओळख करून दिली आणि ते आपल्या वर्गात गेले. शिक्षिकेने हजेरीपत्रक उघडले आणि एकेक नाव मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चेहरे ओळखीचे नव्हते, म्हणून प्रत्येक नावापाशी ती मान वर करून पाहत होती. दहाव्या नावापर्यंत मागच्या रांगेत बोलणे सुरू झाले. "शांत बसा," ती म्हणाली. आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. हजेरी संपेपर्यंत तिने हेच वाक्य चार वेळा उच्चारले होते, आणि चौथ्या वेळी आवाज थांबलाही नाही.

मग तिने तिसरीच्या मुलांना सांगितले, "तुम्ही पहिला धडा वाचत बसा." चौथीकडे वळून तिने फळ्यावर 52 वजा 27 हे उदाहरण मांडले. "दोनातून सात जात नाहीत. म्हणून पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा. दोनाचे झाले बारा, पाचाचे राहिले चार. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर पंचवीस. समजलं का?" सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हटले. तिने ते उदाहरण पुसले, पाच नवी उदाहरणे लिहिली आणि शेवटी तेच पहिले उदाहरण पुन्हा दिले.

तोवर तिसरीत खोडरबरावरून भांडण लागले होते. काहींचा धडा वाचून झाला होता, काहींनी पुस्तक उघडलेच नव्हते. भांडण मिटवण्यात, कोणी काय वाचले हे विचारण्यात पंधरा मिनिटे गेली. ती चौथीकडे परत आली तेव्हा 13 पैकी सात वह्यांत शेवटच्या उदाहरणाचे उत्तर 35 होते. खिडकीजवळच्या एका मुलाची वही कोरी होती.

"तू काहीच लिहिलं नाहीस?" मुलगा गप्प. "तिसरीत काय शिकलास मग?" आवाज चढला होता. वर्ग एकदम शांत झाला. मुलगा खाली बघत राहिला. शेजारचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तो उसतोडीला गेला होता." दोघे-तिघे हसले. शिक्षिका क्षणभर थांबली, "ठीक आहे, बस," म्हणाली आणि फळ्याकडे वळून तेच उदाहरण तशाच पद्धतीने पुन्हा सोडवू लागली.

दुपारी खिचडी झाली. मुख्याध्यापकांना केंद्रशाळेत बैठक होती. ते निघून गेले आणि चारही इयत्ता शिक्षिकेकडे आल्या. तिने सगळ्यांना मैदानात नेऊन गाणी घेतली, मग चित्र काढायला बसवले. चारच्या सुमारास चित्रे गोळा करताना तिच्या लक्षात आले की खिडकीजवळची जागा रिकामी आहे. दप्तरही नव्हते. "तो जेवणानंतर आलाच नाही," मुलांनी सांगितले.

शाळा सुटताना मुख्याध्यापक परत आले. तिने घडलेले सांगितले. त्यांनी कपाटातून मागच्या वर्षीचे तिसरीचे हजेरीपत्रक काढून तिच्यासमोर ठेवले. त्या मुलाच्या नावापुढे नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत सलग गैरहजेरी होती. "त्याच्या घरी मी जाऊन येतो," ते म्हणाले. "उद्या सकाळी तुम्ही काय करणार, मॅडम?"

कथा इथे थांबते.

चर्चेची सुरुवात: आधी घटना, मग मत

कथा वाचून झाल्यावर छात्राध्यापकांची पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा निवाड्याची असते. शिक्षिकेचा धाक नव्हता, तिने सुरुवातीलाच कडक राहायला हवे होते, किंवा उलट, ती फार कठोर वागली. अशा शेऱ्यांवर चर्चा सुरू झाली तर ती स्वभावाच्या चर्चेत अडकते. धाक हा दुसऱ्या दिवशी सकाळी करण्याजोगा काही नेमका उपाय नाही.

म्हणून पहिल्या फेरीत फक्त घटना सांगायच्या: कोणत्या क्षणी कोण काय करत होते. शिक्षिका हजेरी घेत होती तेव्हा 24 मुलांकडे कोणते काम होते? ती चौथीला शिकवत होती तेव्हा तिसरीच्या मुलाला धडा वाचून झाल्यावर काय करायचे होते? या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर वेळेच्या क्रमाने लिहिली की एक गोष्ट दिसते. कथेतला प्रत्येक गोंधळ सुरू होण्याआधी काही मिनिटे मुलांना करण्यासारखे काही नव्हते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या वर्गव्यवस्थापनावरच्या पुस्तकात हाच निष्कर्ष मांडला आहे. वर्गांच्या चित्रफिती पाहून त्यांनी यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांची तुलना केली. गडबड झाल्यावर शिक्षक मुलांना कसे थांबवतात, यात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकाचे वर्गभर लक्ष असे, एका वेळी दोन गोष्टी तो सांभाळत असे आणि एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना रेंगाळू न देता नेत असे. कथेतल्या शिक्षिकेने "शांत बसा" हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायला हवे होते यावर चर्चा करत बसण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. ते वाक्य म्हणायची वेळ का आली, हा चर्चेचा प्रश्न.

पहिला टप्पा: हजेरी

हजेरी घेणे भागच होते. शिवाय नव्या शिक्षिकेला मुलांची नावे कळायला हवी होती, त्यामुळे नावे न पुकारता हजेरी मांडणे तिला शक्य नव्हते. अडचण खरी आहे आणि चर्चेत ती मान्य करूनच पुढे जावे.

तिच्यावर एक साधा उपाय असा. मुले वर्गात येण्याआधी फळ्यावर एक काम लिहून ठेवायचे: आपले नाव कागदाच्या घडीवर मोठ्या अक्षरांत लिहा, घडी समोर उभी करा आणि मागे आपल्या घराचे चित्र काढा. तिसरी-चौथीच्या बहुतेक मुलांना हे जमते. मुले त्यात गुंतलेली असताना शिक्षक रांगांमधून फिरतो, घडीवरचे नाव आणि चेहरा जुळवतो आणि हजेरी मांडतो. या फेरीत आणखी एक माहिती हाती येते. कोणाला नाव लिहिता येत नाही, कोणाकडे पेन्सिल नाही, कोण शेजाऱ्याचे बघून लिहितो, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसते. कथेतला खिडकीजवळचा मुलगा याच फेरीत शिक्षिकेच्या नजरेत आला असता, आणि तोही कोणी त्याच्याकडे वळून बघत नसताना.

याच टप्प्यावर वर्गाच्या रीतींचा प्रश्न येतो. एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि लिंडा अँडरसन यांनी तिसरीच्या वर्गांचे वर्षाच्या सुरुवातीपासून निरीक्षण करून 1980 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्ग उत्तम चालवणारे शिक्षक सुरुवातीच्या काळात वर्गातल्या रीती एखाद्या पाठासारख्या शिकवत असत: सांगत, करून दाखवत, मुलांकडून करून घेत आणि चुकल्यास पुन्हा करून घेत. नव्या शिक्षकाची चूक बहुधा इथे होते की तो एकतर नियम सांगतच नाही, किंवा दहा-बारा नियमांची यादी वाचून दाखवतो. पहिल्या दिवसासाठी तीन रीती पुरतात: लक्ष वेधण्याची एक ठरलेली खूण, पाणी आणि लघवीसाठी जाण्याची पद्धत, आणि काम लवकर संपले तर काय करायचे. कथेत नेमकी तिसरी रीत नव्हती आणि तिसरीच्या वर्गातले भांडण त्यातून उभे राहिले.

दुसरा टप्पा: "वाचत बसा"

एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असणे हे लहान शाळांत रोजचेच आहे. तिथे एका इयत्तेला शिकवताना दुसरीला स्वतःहून काम करावे लागते. हे काम देताना चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: काय करायचे, कोणाबरोबर करायचे, कुठपर्यंत करायचे, आणि झाल्यावर काय करायचे. "पहिला धडा वाचत बसा" या सूचनेत पहिली गोष्ट अर्धवट होती आणि उरलेल्या तीन नव्हत्याच. जलद वाचणारे मूल पाच मिनिटांत मोकळे झाले. ज्याला वाचता येत नव्हते, ते पहिल्याच मिनिटाला मोकळे झाले. दोघांनाही उरलेली वीस मिनिटे स्वतःच भरायची होती.

तेच काम असे देता येते: दोघांत एक पुस्तक घ्या; आळीपाळीने एकेक परिच्छेद हळू आवाजात वाचा; धड्यात आलेली पाच जोडाक्षरे पाटीवर लिहा; झाल्यावर त्यातल्या एका शब्दावरून वाक्य तयार करून पाटी उलटी ठेवा. वाचता न येणारे मूल वाचणाऱ्याच्या जोडीला बसते. काम संपल्याचे उलट्या पाट्यांवरून शिक्षकाला दुरूनच दिसते.

क्रमही महत्त्वाचा आहे. शिक्षिकेने तिसरीला सूचना दिली आणि लगेच पाठ फिरवली. सूचना दिल्यावर मिनिट-दोन मिनिटे तिथेच थांबून सगळ्या जोड्या कामाला लागल्या की नाही हे पाहायचे आणि मगच दुसऱ्या इयत्तेकडे वळायचे. तोवर चौथीच्या मुलांना पाटीवर दोन सोपी उदाहरणे करायला दिलेली असावीत. छात्राध्यापकांनी चर्चेत हा पहिल्या अर्ध्या तासाचा तक्ता स्वतः तयार करावा. दोन स्तंभ, दोन इयत्ता, पाच-पाच मिनिटांचे रकाने. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे गडबड होणार हे सांगायला मग कोणाची गरज राहत नाही.

तिसरा टप्पा: पस्तीस

कथेतला हा भाग बहुतेक चर्चांमध्ये घाईने ओलांडला जातो, कारण तो शिस्तीचा वाटत नाही. पण दिवस सर्वांत जास्त बिघडला तो इथे.

सात मुलांनी 52 वजा 27 चे उत्तर 35 काढले. शिक्षिकेने हे एकच उत्तर पाहून सातही जणांची चूक एकच आहे असे धरले आणि तीच रीत पुन्हा सांगितली. प्रत्यक्षात हे 35 दोन वेगळ्या वाटांनी येते. काही मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्यांना दशक सुटा करणे ही कल्पनाच पोचलेली नाही. "मोठ्यातून लहान वजा करायचे" हे आधीच्या इयत्तेत ऐकलेले वाक्य ती अंकांना लावतात. दुसरी मुले दशक सुटा करतात, दोनाचे बारा करतात, बारातून सात वजा करून पाच लिहितात, पण दशकाच्या घरातले पाच चार झाले हे विसरतात आणि पाचातून दोन वजा करून तीन लिहितात. उत्तर पुन्हा 35. पहिल्या मुलाला मुळातली कल्पना शिकवायला हवी, दुसऱ्याला फक्त एक पायरी आठवून द्यायला हवी.

दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात, कारण उदाहरणातल्या एककांच्या अंकांत बरोबर पाचाचा फरक आहे. दोन आणि सात, तीन आणि आठ, एक आणि सहा अशा जोड्या आल्या की हे दोन प्रकार एकमेकांत लपतात. त्याऐवजी 53 वजा 27 दिले असते तर उत्तरेच बोलली असती. बरोबर उत्तर 26. घराघरात मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचे उत्तर 34. दशक सुटा करून तो कमी करायला विसरणाऱ्याचे 36. वहीकडे नजर टाकताच कोणाला काय शिकवायचे हे ठरते. 58 वजा 23 सारख्या बिनहातच्याच्या उदाहरणात मात्र तिघांचेही उत्तर बरोबर येते. त्यामुळे फक्त तशी उदाहरणे देऊन घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

उपाय त्याच काड्यांच्या गठ्ठ्यांचा आहे, जो अध्यापक विद्यालयात सगळे शिकतात आणि पहिल्या दिवशी वेळ नाही म्हणून सोडून देतात. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. त्यांतून 27 काढायच्या. सुट्या सात काढता येत नाहीत, म्हणून मूल स्वतः एका गठ्ठ्याची दोरी सोडते. आता गठ्ठे चारच उरले हे त्याच्या डोळ्यांसमोर असते. ते विसरण्याची शक्यता फार कमी. ही कृती झाल्यावर मांडणी वहीत यावी.

"समजलं का?" या प्रश्नाचा विचारही इथेच करायला हवा. एका सुरातल्या "हो" मधून शिक्षकाला कोणतीही माहिती मिळत नाही. ज्याला समजले आहे तो "हो" म्हणतो, आणि ज्याला नाही तो वेगळा दिसू नये म्हणून "हो" म्हणतो. त्याऐवजी एक उदाहरण सांगावे, सगळ्यांनी पाटीवर सोडवावे आणि खुणेसरशी सर्व पाट्या एकदम वर कराव्यात. तेरा पाट्या वाचायला अर्धे मिनिट लागते. तोंडी प्रश्न विचारायचाच असेल तर विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात.

चौथा टप्पा: खिडकीजवळचा मुलगा

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तरीही बरीच मुले आई-वडिलांबरोबर फडावर जातात. हा मुलगा तिसरीत नोव्हेंबर ते मार्च शाळेबाहेर होता. मधले पाच महिने त्याच्या हातून निसटले होते. "तिसरीत काय शिकलास?" या प्रश्नाला त्याच्याकडे खरे उत्तर होते, पण ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते.

शिक्षिकेचा हेतू त्याला दुखावण्याचा नव्हता. तिला माहिती नव्हती. पण ती माहिती शाळेच्या कपाटात होती. रुजू होण्याच्या दिवशी मागच्या वर्षीचे हजेरीपत्रक तासभर चाळले असते तर सलग रिकामे रकाने दिसले असते, आणि ते एकाच मुलाचे नसण्याचीही शक्यता आहे. इथे मुख्याध्यापकांचीही जबाबदारी आहे. नवी सहकारी वर्गात जाण्याआधी त्यांनी हे सांगायला हवे होते. चर्चेत हा मुद्दा छात्राध्यापकांनी स्वतः मांडला नाही तर चर्चा चालवणाऱ्याने काढावा, नाहीतर एका व्यवस्थेची उणीव एकट्या नव्या शिक्षिकेच्या माथी जाते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते. एका चढ्या वाक्याला छळ म्हणावे का, यावर छात्राध्यापकांत मतभेद होतील. कायद्याची रेषा कुठे आहे हा प्रश्न बाजूला ठेवला तरी परिणाम कथेत स्पष्ट आहे. वर्ग शांत झाला, दोघे-तिघे हसले आणि मुलगा निघून गेला. एकाला बोललेले बाकीच्यांपर्यंत कसे पसरते, हा कुनिन यांच्या संशोधनाचा आरंभबिंदू होता. त्या क्षणानंतर वर्गातल्या ज्या ज्या मुलाला वजाबाकी येत नव्हती, त्याला चूक लपवायला हवी हे कळले. पुढच्या "समजलं का?" ला येणारा "हो" आणखी मोठा होणार.

शेजारच्या मुलाने कारण सांगितले, तेव्हा दुरुस्तीची संधी होती. शिक्षिका त्याच्याजवळ जाऊन खाली बसून हळू आवाजात म्हणू शकली असती, "मला माहीत नव्हतं. आपण दोघं मिळून काड्यांपासून सुरू करू." तिने विषय बदलला. घाबरलेला नवा माणूस बहुधा हेच करतो.

दुपारची घटना याहून गंभीर आहे. एक मूल शाळेतून निघून गेले आणि ते दोन तासांहून अधिक काळ कोणालाही कळले नाही. चर्चेत बहुतेक जण मुलाच्या भावनांबद्दल बोलतात. तो कुठे होता हा प्रश्न मागे पडतो. जेवणानंतर मुले मोजणे ही वर्गातली सर्वांत साधी आणि कधीही न चुकवायची रीत आहे. मूल कमी भरले तर गाणी, चित्रे, पाठ सगळे थांबवायचे. एकटा शिक्षक बाकीच्या मुलांना सोडून जाऊ शकत नाही, म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना लगेच फोन करायचा, आणि वस्तीवरच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याला किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मदतीला बोलवायचे. मूल शोधायला दुसऱ्या मुलांना पाठवायचे नाही. हे दूरध्वनी क्रमांक पहिल्याच सकाळी शिक्षकाकडे लिहिलेले असावेत.

दुसऱ्या दिवसाची सकाळ

मुख्याध्यापकांचा शेवटचा प्रश्न हीच चर्चेची शेवटची फेरी. छात्राध्यापकांनी लहान गटांत बसून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या अर्ध्या तासाचे नियोजन लिहावे. मूळ आराखडा असा होऊ शकतो: परिपाठाआधी मुलाला दारात भेटणे आणि वर्गासमोर न नेता त्याच्याशी बोलणे, नावाच्या घड्यांच्या कामातून हजेरी, तिसरीला जोडीने वाचन, चौथीला 53 वजा 27 पाटीवर, उत्तरांवरून तीन गट, काड्यांचे काम 34 लिहिणाऱ्या मुलांबरोबर, आणि त्याच गटात खिडकीजवळचा मुलगा. तो एकटा वेगळा बसत नाही, कारण त्याच्यासारखीच गरज असलेली आणखी मुले तिथे असतात. तो आलाच नाही तर काय करायचे, हेही नियोजनात लिहायला हवे.

अशा चर्चेला मर्यादा आहेत. कथा शिक्षिकेच्या बाजूने सांगितली आहे, म्हणून एका गटाने तीच घटना मुलाच्या बाजूने लिहून पाहावी. दुसरे असे की कथेतल्या गोष्टी निवडलेल्या असतात. खऱ्या वर्गात कोणती गोष्ट महत्त्वाची हे शिक्षकाला गोंगाटात स्वतःच ओळखावे लागते. तिसरे, चर्चा करून हात तयार होत नाहीत. सूचना देणे, पाट्या वाचणे, जागेवरून वर्गभर नजर ठेवणे या गोष्टी सहाध्यायींसमोर करून पाहाव्या लागतात.

सायमन वीनमन यांनी 1984 साली नव्या शिक्षकांच्या अडचणींवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वर्गातली शिस्त ही अडचण यादीत सर्वांत वर आली. या कथेतल्या शिक्षिकेला कोणी विचारले असते तर तिनेही तेच सांगितले असते. पण दिवस उलगडून पाहिला की शिस्तीच्या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी निघतात: रिकामी मिनिटे, अपुरी सूचना, न ओळखलेली चूक आणि न वाचलेले हजेरीपत्रक. या चारही गोष्टी आदल्या दिवशी दुरुस्त करता येतात. म्हणून रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने नेमणुकीच्या शाळेत पाऊल ठेवताच आधी मागच्या वर्षीचे हजेरीपत्रक मागून घ्यावे, आणि ते वाचून झाल्यावरच पहिल्या अर्ध्या तासाचे नियोजन लिहायला बसावे.